‘अस्सल’ म्हणजे किती तिखट?

आधी सहा ओळी वाचा. पुण्यातल्या एका शनिवार-रविवारच्या बाजारात एका घरगुती मसाल्यांच्या टेबलावर सहा बरण्या होत्या. त्यांच्यावरची नावं आणि त्याखालच्या एकेक ओळी जशाच्या तशा उतरवून घेतल्यात. विक्रेत्या काकूंची परवानगी घेऊन, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर.

आजीचा गोडा: अस्सल पारंपरिक चव, आजीच्या हातची!
काळी जादू: प्रत्येक भाजीला द्या गावरान झटका.
कोल्हापुरी धमाका: फक्त तिखट खाणाऱ्यांसाठी!
मालवणी मसाला: कोकणची आठवण.
ब्राह्मणी मसाला: सात्त्विक आणि सुगंधी.
मेतकूट: गरम मऊ भात, वर तूप, वर मेतकूट.

मसाले उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकते. सहाही विकत घेतले, सहाही वापरले. आज परीक्षण मसाल्यांचं नाही, या सहा ओळींचं करायचंय. दळलेले मसाले साठवणीत कसे बदलतात हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. त्यामुळे बरणीत काय आहे आणि बरणीवर काय लिहिलंय यातलं अंतर रोजच डोळ्यांसमोर असतं.

एक साधी चाचणी करून बघा. नावं हाताने झाका, ओळींची अदलाबदल करा आणि कुठली ओळ कुठल्या बरणीची ते ओळखा. ‘अस्सल पारंपरिक चव’ मालवणीवर चालते, कोल्हापुरीवर चालते, मेतकुटावरही चालते. ‘गावरान झटका’ कुठेही बसतो. ‘सुगंधी’ तर सगळेच मसाले असतात, नसले तर परत करावेत. अदलाबदलीत एकच ओळ जागची हलत नाही, ती मेतकुटाची. त्या ओळीत एकही विशेषण मसाल्याबद्दल नाही. ‘गरम’ आणि ‘मऊ’ ही दोन्ही भाताची विशेषणं आहेत. पण ज्याने जन्मात मेतकूट बघितलेलं नाही त्यालाही कळतं, की हे शिजवायचं नाही, फोडणीत टाकायचं नाही, वरून घालून कालवायचं. सात शब्दांत एक अख्खी कृती आली.

हीच ओळ चांगली का, आणि बाकीच्या पाच का नाहीत, हे जरा सविस्तर बघू.

पातेल्यात कधी जायचं?

दळलेल्या मसाल्याची मूळ अडचण अशी, की तो स्वतःबद्दल फार काही सांगत नाही. बटाटा बटाट्यासारखा दिसतो. पण दोन तपकिरी पुडी शेजारी ठेवल्या, तर एक उकळत्या आमटीत जायची आणि दुसरी तापलेल्या तेलात, हे नुसतं बघून कळत नाही. चुकलं तर दोन्हीकडे नुकसान.

गोडा मसाला घ्या. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, दालचिनी, लवंग, नागकेशर, घरागणिक थोडं इकडेतिकडे. हे सगळं वेगवेगळं भाजून मग दळतात. म्हणजे यातली प्रत्येक गोष्ट एकदा आचेवरून जाऊन आलेली आहे. वास तयार आहे, आता तो फक्त पाण्यात आणि वाफेत सुटायचा बाकी आहे. म्हणून तो आमटीला उकळी येताना, चिंच-गुळाच्या सोबतीने घालतात. हाच मसाला कडकडीत फोडणीत टाकला, तर त्यातलं आधीच भाजलेलं खोबरं आणि तीळ काही सेकंदांत करपतात आणि आमटी कडू होते. कडवटपणा गुळाने झाकत नाही, हे ज्यांनी एकदा चाखलंय त्यांना सांगायला नको.

आता कांदा-लसूण मसाला, म्हणजे या टेबलावरचा ‘कोल्हापुरी धमाका’. त्याचं गणित बरोबर उलटं आहे. मिरचीचा लाल रंग ज्या रंगद्रव्यांचा आहे ती तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. तिखटपणा देणारं कॅप्सायसिनही तसंच. म्हणून हा मसाला कांदा परतून झाल्यावर, आच मंद करून, तेलातच घालायचा आणि लगेच पाणी ओतायचं. तरच वर तर्री येते. तो उकळत्या रश्शात वरून टाकला, तर तिखट लागतो, पण रस्सा फिका आणि गढूळ दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘मसाल्याला रंगच नाही.’ रंग होता. त्याला तेल मिळालं नाही.

‘प्रत्येक भाजीला द्या गावरान झटका’ या ओळीची खरी चूक इथे आहे. ती अतिशयोक्ती आहे म्हणून माझी तक्रार नाही. बाजार आहे, थोडं वाढवून बोलणं आलंच. तक्रार ही, की गिऱ्हाइकाला जे एक वाक्य हवं होतं त्याची जागा तिने खाल्ली.

तिखट, पण किती?

‘फक्त तिखट खाणाऱ्यांसाठी!’ या ओळीत निदान माहिती द्यायचा प्रयत्न आहे. पण तिखट म्हणजे कोणाच्या हिशोबाने? सदाशिव पेठेतल्या की सांगलीतल्या? रंगावरून अंदाज बांधायला जाल तर फसाल, कारण मिरचीत लाली आणि तिखटपणा या दोन वेगळ्या रसायनांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणजे दुसरी वाढतेच असं नाही. ब्याडगी मिरची गडद लाल, आणि चवीला सौम्य. लवंगी एवढीशी, पण डोळ्यांतून पाणी काढणारी. भरपूर ब्याडगी घातलेला भडक लाल मसाला मुलंही खाऊ शकतात आणि थोडी लवंगी घातलेला मळकट मसाला मोठ्यांना घाम फोडू शकतो.

तिखटपणा मोजता येतो. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधनिर्मात्याने १९१२ मध्ये त्याची एक पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना तो तिखट लागायचा थांबला, की किती पट पातळ केला ते लिहायचं. आता हे काम यंत्रावर होतं. पण घरगुती मसाले करणाऱ्या काकूंनी दर घाण्याला प्रयोगशाळेत नमुना पाठवावा, असं मी म्हणणार नाही. त्याची गरजही नाही. त्यांच्याकडे याहून सोपा आकडा आहे, तो म्हणजे त्यांचीच वही.

एक उदाहरण करून बघू. समजा कांदा-लसूण मसाल्याचा एक घाणा असा आहे: देठं काढलेली मिरची ९०० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, धने २०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, गरम मसाला १०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम, तळण्या-परतण्यातून आत उतरलेलं तेल १०० ग्रॅम. वर अर्धा किलो कांदा आणि पाव किलो लसूण. पण कांदा-लसणाचं वजन तसंच धरायचं नाही, कारण त्यातलं बहुतेक पाणी वाळवताना आणि तळताना उडून जातं. अर्धा किलो कांद्याचे साधारण ६५ ग्रॅम उरतात, पाव किलो लसणाचे साधारण ९०. सगळ्याची बेरीज झाली सुमारे १,९०० ग्रॅम. त्यात मिरची ९००, म्हणजे जवळजवळ निम्मी.

यातून लेबलावरची ओळ आपोआप तयार होते: ‘एक चमचा मसाल्यात अर्धा चमचा तिखट.’

ही ओळ मला त्या टेबलावरच्या सगळ्या उद्गारचिन्हांपेक्षा जास्त आवडेल. कारण प्रत्येक घराला आपल्या उसळीत किती चमचे तिखट चालतं ते पक्कं माहीत असतं. त्या मापाला जोडून दिलं, की गिऱ्हाईक हिशोब स्वतः करतं. पुढे ‘ब्याडगी जास्त, संकेश्वरी थोडी’ एवढं लिहिलं, तर जाणकाराला रंग आणि जोर दोन्ही कळतात. आणि त्या शंभर ग्रॅम मिठाचं काय? ते एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मसाला टिकायला त्याची मदत होते, पण दोन-तीन चमचे मसाला पडला, की रश्शाच्या मिठात फरक जाणवतो. ‘मीठ आहे, बेताने घाला’ हे चार शब्द एखाद्याचा रस्सा वाचवतील.

या पद्धतीला मर्यादा आहेच. एकाच जातीची मिरची दर हंगामात, दर शेतात सारखी तिखट नसते. त्यामुळे ‘अर्धा चमचा’ हे प्रमाण झालं, जोर नव्हे. काही जण लेबलावर एक ते तीन मिरच्यांची चित्रं काढतात. तेही वाईट नाही, फक्त त्याचा अर्थ त्या एकाच टेबलापुरता असतो. सहाही बरण्यांवर चित्रं असतील तर तुलना होते. एकाच बरणीवर असतील तर ती नुसती सजावट.

ताजा, पण कधीचा?

‘अस्सल’ आणि ‘पारंपरिक’ हे शब्द आणखी एक गोष्ट झाकतात. परंपरेने हे मसाले उन्हाळ्यात होतात, कारण मिरच्या-धने कडक वाळायला ऊन लागतं. मग ते वर्षभर पुरवतात. घरात हे चालतं, कारण बरणी अंधाऱ्या फडताळात असते आणि मसाला कधी कुटलाय ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाजारात हीच परंपरा काचेच्या पारदर्शक बरणीत भर उन्हात टेबलावर बसते.

त्यात काय बिघडतं ते नाकाने ओळखता येतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो, तिळात जवळपास निम्मा. दळल्यावर हे तेल पुडीभर पसरतं आणि हवेला उघडं पडतं. खोबरेल ओलाव्याने फुटायला लागलं, की साबणासारखा वास येतो. तिळाचं तेल हवेने खवट झालं, तर जुन्या तळणाचा. गुठळ्या दिसल्या तर ओलावा आत शिरलाय, आणि कांदा-लसूण मसाल्यात याची भीती जास्त, कारण कांदा नीट कुरकुरीत झाला नसेल तर ओलावा बाहेरून यायचीही गरज नाही. मिरचीची लाली उजेडाने उडते. तिखटपणा त्या मानाने टिकतो. म्हणजे फिका पडलेला मसाला निर्जीव समजून दुप्पट घातलात, तर रात्री पाणी पीत बसाल.

कायद्याने पाकिटावर घटकांची यादी, तारीख आणि चौदा आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतोच. काकूंच्या बरण्यांवर तो होता, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. पण समोरच्या ओळीत ‘ताजा’ किंवा ‘आजीच्या हातची’ लिहिण्यापेक्षा ‘एप्रिलमध्ये दळलेला’ लिहिलं असतं, तर ताजेपणा सिद्ध करायला विशेषण लागलंच नसतं.

आता नावांकडे

ओळ दुरुस्त करता येते. नाव एकदा तोंडात बसलं, की बदलत नाही. म्हणून नावाबद्दल जरा जास्त कडक बोलते.

‘काळी जादू’ हे नाव लक्षात राहतं, मान्य. पण आत काय आहे? पुण्यातल्या बऱ्याच घरांत काळा मसाला आणि गोडा मसाला ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, आणि त्यात मिरची नावापुरतीच. सोलापूरकडे, मराठवाड्यात काळा मसाला म्हणजे चांगलाच तिखट. या बाजारात दोन्हीकडची माणसं येतात. एकाने आमटीसाठी घेतला आणि आमटी पेटली, दुसऱ्याने रश्शासाठी गोडा नेला आणि रस्सा मिळमिळीत झाला, हे दोन्ही होणार. बरणीत होतं ते सोलापूरकडचं. त्या भागात त्याला लोक ‘काळं तिखट’ म्हणतात. किती नेमकं नाव! रंगही आला, स्वभावही आला. बोलीने हे काम फुकटात करून ठेवलं असताना जादूची गरज काय?

‘कोल्हापुरी धमाका’चंही तसंच. हॉटेलांच्या मेनूकार्डांनी ‘कोल्हापुरी’ या शब्दाचा अर्थ ‘जाळ’ असा करून टाकलाय. खुद्द कोल्हापुरात तांबड्या रश्शाच्या शेजारी पांढरा रस्सा असतो आणि तो नाकातून धूर काढत नाही. तिथे या कांदा-लसूण मसाल्याला घराघरात ‘चटणी’ म्हणतात. पुण्यात ‘चटणी’ लिहिलं तर लोक भाकरीबरोबर खायला घेतील, म्हणून ‘कांदा-लसूण मसाला’ हेच नाव बरं. त्यात दोन मुख्य घटक नावातच सांगून झाले. लसूण न खाणारा माणूस बरणी उचलणारच नाही, आणि तेही नावाचं काम आहे.

‘मालवणी मसाला’ हे नाव चोख, पण ‘कोकणची आठवण’ ही ओळ ज्याला आठवण आहे त्याच्यासाठीच आहे. ज्याला ती आहे त्याला ओळ नकोच आहे. ती हवी आहे विदर्भातून आलेल्या, पहिल्यांदा बांगडा आणलेल्या मुलाला. त्याला सांगा, की ओल्या खोबऱ्याच्या वाटणाबरोबर, माशाच्या किंवा मटणाच्या रश्शाला.

आणि ‘ब्राह्मणी मसाला: सात्त्विक आणि सुगंधी’. इथे मी थोडी थांबले. जातीची, समाजाची नावं आपल्या मसाल्यांना नवी नाहीत. सावजी, आगरी-कोळी, सीकेपी, ईस्ट इंडियनांचा बॉटल मसाला. ज्या समाजाने मसाला घडवला त्याचं नाव लागलं, तर ते श्रेय आहे, आणि कोळणीने स्वतः विकलेल्या मसाल्यावर ते शोभतंही. पण इथे ‘ब्राह्मणी’ कुणाला श्रेय देत नाही. ते ‘कांदा-लसूण नाही’ याचं टोपणनाव म्हणून वापरलंय. पुढे ‘सात्त्विक’ जोडलं, की त्याच टेबलावरचे, त्याच हातांनी केलेले बाकीचे मसाले काय ठरले? माहिती द्यायला निघालेलं नाव उतरंड मांडून बसलं. आणि माहिती तरी नीट पोचते का? कांदा-लसूण टाळणाऱ्या जैन गिऱ्हाइकाला त्यातून खात्री मिळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या मसाल्यात हिंग आहे. बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात आणि डिंकात मिसळलेला असतो. ज्याला ग्लुटेन चालत नाही त्याच्यासाठी ‘सात्त्विक’ हा शब्द निरुपयोगीच नाही, तर दिशाभूल करणारा आहे. ‘कांदा-लसूण नाही. हिंगात गहू आहे.’ हे दोन तुकडे लिहिले, की काम झालं. सुगंध झाकण उघडल्यावर कळेलच.

मग ओळ कोण लिहिणार?

हे सगळं काकूंशी बोलले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, “ताई, ते लेबल पुतण्याने केलंय. लोक लेबल वाचत नाहीत, मला विचारतात. मी सांगते की.”

आणि त्या खरंच सांगतात. अर्धा तास बाजूला उभी राहून मी ऐकलं. “गोडा आहे, पण गोड नाही हो, तिखट पण नाही. आमटीला उकळी आली की चमचाभर टाका.” “हे काळं आहे ना, हे तेलातच घाला, गॅस बारीक करून.” “यात मीठ आहे, मग मीठ बघून घाला.” लेबलावर जे जे हवं होतं ते सगळं त्यांच्या तोंडात होतं, तेही तयार, छोट्या वाक्यांत, कुठलंही विशेषण न लावता. फक्त काकू बरणीबरोबर घरी येत नाहीत. बरणी मात्र कुणाच्या तरी लेकाबरोबर बंगळूरला जाते, आणि तिथे आठवड्याने झाकण उघडणाऱ्याला ‘गावरान झटका’ एवढंच वाचायला मिळतं.

त्यामुळे असे मसाले विकणाऱ्या कुणी हे वाचत असेल, तर ओळ सुचायची वाट बघू नका. एका शनिवारी टेबलामागे कागद ठेवा आणि गिऱ्हाइकांना जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं ते लिहून काढा. तेच लेबल. काकूंच्या सहा बरण्यांसाठी, बहुतांशी त्यांच्याच शब्दांत, माझी यादी अशी होते:

गोडा मसाला: आमटीला उकळी आली की चमचाभर. गोड नाही, तिखटही नाही.
काळं तिखट, सोलापूरकडचं: तेलातच घाला, आच बारीक करून.
कांदा-लसूण मसाला: एक चमचा मसाल्यात अर्धा चमचा तिखट. मीठ आहे, बेताने घाला.
मालवणी मसाला: ओल्या खोबऱ्याच्या वाटणाबरोबर, माशाच्या किंवा मटणाच्या रश्शाला.
बिनकांदा-लसणाचा मसाला: डाळी-भाज्यांना. हिंगात गहू आहे.

खाली प्रत्येकीवर दळल्याचा महिना, जरा मोठ्या अक्षरांत.

सहाव्या बरणीला हात लावू नका. गरम मऊ भात, वर तूप, वर मेतकूट. यात बदलण्यासारखं काही नाही.